वितळलेल्या लोखंडाचा मानक खर्च: कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतील प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीच्या खर्चाचे हिशेब मी जून २०२२ मध्ये तपासायला घेतले. ट्रॅक्टर आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारे बिडाचे सुटे भाग तिथे ओतले जातात आणि महिन्याला साधारण ३०० टन चांगला माल बाहेर पडतो. कारखान्याची ओळख पटू नये म्हणून मी आकडे पूर्णांकात आणले आहेत, पण त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे होती तशीच ठेवली आहेत.

मालकांची तक्रार एका वाक्याची होती. आधीच ठरवून ठेवलेल्या मानक खर्चाशी, म्हणजे कारखान्यात ज्याला सरळ ‘स्टँडर्ड’ म्हणतात त्याच्याशी, प्रत्यक्ष खर्चाची तुलना करणारा अहवाल दर महिन्याला तयार होतो, दर महिन्याला तो लाखो रुपयांची प्रतिकूल तफावत दाखवतो, आणि तरीही त्या अहवालावरून काय करायचे हे कोणालाही सांगता येत नाही. मागचे आठ महिन्यांचे अहवाल चाळल्यावर माझ्या लक्षात आले की अडचण दोन ठिकाणी होती आणि त्या दोन्ही चुका एकमेकींना झाकत होत्या. भट्टीची पद्धत बदलल्यावर ठरवलेली परिमाणाची मानके, म्हणजे एक टन मालाला किती धातू आणि वीज लागावी याचे आकडे, गाठता येण्याजोगी नव्हती, तरी ती कोणी हलवली नव्हती. आणि कच्च्या मालाचा मानक दर, जो स्थिर राहायला हवा होता, तो मात्र एप्रिलपासून दर महिन्याला बदलला जात होता.

कुपोला गेला, ब्रोशर आले

सप्टेंबर २०२१ पर्यंत या फाउंड्रीत कोकवर चालणारा कुपोला होता. ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी ७५० किलोवॅटची, एक टनाच्या दोन क्रुसिबलची इंडक्शन भट्टी बसली. हा बदल केवळ यंत्राचा नव्हता. कुपोलात लोखंड कोकच्या संपर्कात वितळते, त्यामुळे कार्बन आपोआप मिळतो पण गंधकही येते, आणि पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून मिळणारे कच्चे लोखंड, बऱ्यापैकी घालावे लागते. इंडक्शन भट्टीत पोलादी स्क्रॅप जास्त घालता येतो, कार्बन आणि सिलिकॉन वरून मिसळून रसायन जुळवता येते, आणि ऑक्सिडेशनने जळून जाणारी धातू कमी असते. म्हणजे जुन्या मानकांतील कोकचे प्रमाण, चार्जचे म्हणजे भट्टीत घालायच्या मालाचे मिश्रण, वितळण घट आणि इंधनाचा खर्च यांपैकी एकही ओळ नव्या पद्धतीला लागू राहिली नव्हती. अशा वेळी मानक बदलावेच लागते, आणि ते आर्थिक वर्ष संपण्याची वाट न पाहता पद्धत बदलल्याच्या तारखेपासून बदलावे लागते. इथे ते बदलले गेले, पण त्यासाठी आकडे घेतले गेले ते भट्टी पुरवणाऱ्याच्या ब्रोशरमधून.

ब्रोशरमध्ये एक टन द्रव धातूला ५४० युनिट वीज आणि १.५ टक्के वितळण घट असे लिहिले होते. हे आकडे खोटे नव्हते. भट्टी गरम असताना, क्रुसिबल पूर्ण भरलेले असताना, स्वच्छ आणि कोरडा चार्ज घालून, मध्ये कुठेही न थांबता हीट, म्हणजे वितळलेल्या धातूची एक खेप, काढली तर ते मिळतात. त्यातच हिशेबनीसाने रिजेक्शन शून्य धरले, कारण ‘खराब मालाला स्टँडर्डमध्ये जागा कशाला द्यायची’ असा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता. हेच आदर्श मानक: कुठेही काहीही वाया जाणार नाही, थांबा नाही, चूक नाही, असे धरून काढलेला खर्च. एक टन चांगल्या मालामागे हे मानक काय सांगते ते पाहू.

साच्यात ओतलेल्या धातूपैकी ६५ टक्के धातू कास्टिंगमध्ये राहते आणि उरलेली रनर-रायझरच्या, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत थिजलेल्या तुकड्यांच्या, रूपाने परत भट्टीत जाते. त्यामुळे रिजेक्शन शून्य धरले तर एक टन मालाला १,५३८ किलो द्रव धातू लागते. टनाला ५४० प्रमाणे तिला ८३१ युनिट वीज लागते. वितळण घट १.५ टक्के धरली तर २३ किलो धातू जळते, म्हणून १,०२३ किलो नवी धातू विकत घ्यावी लागते. धातूचा सरासरी मानक दर किलोला ४२ रुपये आणि विजेचा सर्व आकार धरून युनिटला ८.५० रुपये होता. त्या हिशेबाने धातू आणि वीज मिळून एक टनाचा आदर्श खर्च ५०,०३० रुपये येतो.

साध्य मानक कसे काढले

साध्य मानक म्हणजे मागच्या वर्षाची सरासरी नव्हे, आणि ‘थोडी सूट दिलेले आदर्श मानक’ही नव्हे. सरासरीत सगळा ढिसाळपणा मुरलेला असतो, आणि तिलाच मानक केले तर तो ढिसाळपणा कायमचा मंजूर होतो. नीट चालणाऱ्या कारखान्यात, कुशल माणसांनी लक्ष देऊन काम केले तर जे महिनोन्महिने गाठता येते, पण लक्ष काढून घेतले तर निसटते, ते साध्य मानक. ते टेबलावर बसून ठरत नाही. त्यासाठी भट्टीपाशी उभे राहावे लागते.

मी आणि मेल्टिंग सुपरवायझर यांनी एक आठवडा प्रत्येक हीटच्या आधी आणि नंतर मीटरचे आकडे टिपले. दिवसाला २० हीट निघत होत्या. सकाळची पहिली हीट अस्तर थंड असल्यामुळे टनाला सुमारे ७६० युनिट घेत होती. सलग चाललेल्या हीट ५९० च्या आसपास होत्या. धातू तयार असूनही भट्टी धरून ठेवावी लागली अशा हीट ६९० पर्यंत जात होत्या, कारण धरलेल्या धातूचे तापमान टिकवायलाही वीज लागते. दिवसाला सरासरी आठ हीटमध्ये असा थांबा येत होता, म्हणून एकूण सरासरी ६४० च्या जवळ जात होती.

खरा निर्णय त्या आठ थांब्यांचा होता. प्रत्येकाचे कारण वहीत लिहायला लावले, तेव्हा ते दोन जातींचे निघाले. चार थांबे असे होते की स्पेक्ट्रोमीटरवर नमुना गेला, कार्बन किंवा सिलिकॉन कमी निघाला, भर घालून पुन्हा नमुना घ्यावा लागला. मिश्रणात पोलादी स्क्रॅप जास्त असताना हे अधूनमधून होणारच, आणि ते टाळण्याच्या नादात रसायन न तपासता धातू ओतणे हे कोणत्याही विजेपेक्षा महाग पडते. उरलेले चार थांबे साचे तयार नव्हते म्हणून होते. मोल्डिंगचा माणूस जेवायला गेलेला, कोअर आलेले नाहीत, लॅडल गरम केलेले नाही. पहिल्या चार थांब्यांना मी मानकात जागा दिली, दुसऱ्या चारांना नाही. मग दिवसाच्या वीस हीटांत एक थंड, पंधरा सलग आणि चार थांब्याच्या असा हिशेब मांडला की सरासरी ६१९ येते. ६२० युनिट हे मानक ठरले. ते प्रत्यक्षाच्या ६४० पेक्षा कडक होते, ब्रोशरच्या ५४० पेक्षा ढिले होते, आणि मुख्य म्हणजे मधल्या वीस युनिटांचे उत्तर कोणी द्यायचे हे त्यात स्पष्ट होते: मोल्डिंग विभागाने.

याच रीतीने रिजेक्शन ५ टक्के आणि वितळण घट ३.५ टक्के ठरवली. वितळण घटीत गंज, स्लॅगबरोबर म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या मळीबरोबर जाणारी धातू आणि ओतताना होणारी सांडलवंड हे सर्व धरले आहे. या मानकांनी एक टन चांगल्या मालाला १,६१९ किलो द्रव धातू, १,००४ युनिट वीज आणि १,०५९ किलो नवी धातू लागते. खर्च ५३,०१२ रुपये.

आदर्श आणि साध्य यांच्यात टनाला २,९८२ रुपयांचे अंतर आहे. ३०० टनांना ते महिन्याला सुमारे ९ लाख रुपये होते. याचा अर्थ असा की भट्टीवरच्या सर्वांनी महिनाभर एकही चूक केली नसती, तरी अहवालात ९ लाखांची प्रतिकूल तफावत छापून आलीच असती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, नोव्हेंबरमध्ये आली, डिसेंबरमध्येही आली. पहिल्या महिन्यात सुपरवायझरला बोलावून विचारले गेले, दुसऱ्या महिन्यात त्याने तेच उत्तर दिले, आणि तिसऱ्या महिन्यापासून विचारणे थांबले. आदर्श मानकाने माणसे जास्त जोर लावतात असे जे सांगितले जाते, ते मी अजून एकाही फाउंड्रीत पाहिलेले नाही. जो आकडा कधीच गाठता येत नाही, तो लोक वाचत नाहीत. आणि एकदा वाचणे सुटले की त्याच ओळीत आलेली खरी बिघाडाची खूणही वाचायची राहून जाते.

मे महिन्याचे ११ लाख ७० हजार

नेमके तेच झाले होते. जानेवारी २०२२ च्या अहवालात धातूच्या वापराची प्रतिकूल तफावत सुमारे ४ लाख ७० हजार रुपये होती. मे महिन्यात ती ११ लाख ७० हजारांवर गेली. मालकांना कारण विचारले तर त्यांनी लगेच सांगितले की भाव वाढले. खरेदी अधिकारीही तेच म्हणाले, आणि हिशेबनीसानेही अहवालाच्या कडेला पेन्सिलने ‘दरवाढ’ असे लिहून ठेवले होते.

भाव वाढले होते हे खरेच होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. हे दोन्ही देश पिग आयर्नचे मोठे निर्यातदार असल्यामुळे जगभरच्या खरेदीदारांची मागणी इतर देशांकडे, त्यात भारताकडेही वळली. या कारखान्याचा मिश्रणाचा खरेदी दर जानेवारीत किलोला ४३ रुपये होता, तो एप्रिलमध्ये ५४ आणि मे महिन्यात ५५ झाला. पण वापराच्या तफावतीत दर मुळीच यायला नको. वापराची तफावत म्हणजे जास्त लागलेले किलो गुणिले मानक दर. मानक दर स्थिर असेल तर ती फक्त किलोंबद्दल बोलते. इथे दर महिन्याच्या बिलाप्रमाणे मानक दरच उचलला जात होता, त्यामुळे दराची तफावत कायम शून्य दिसत होती आणि बाजारातली सगळी वाढ वापराच्या तफावतीत शिरत होती.

ती बाजूला काढणे अवघड नाही. जानेवारीत एक टन मालाला १,०६० किलो नवी धातू लागली होती, म्हणजे १,०२३ च्या आदर्श मानकापेक्षा ३७ किलो जास्त. मे महिन्यात १,०९४ किलो लागली, म्हणजे ७१ किलो जास्त. जानेवारीइतकेच ३७ किलो मे महिन्याच्या ५५ च्या दराने मोजले तर ३०० टनांना सुमारे ६ लाख १० हजार होतात. म्हणजे ४ लाख ७० हजारांवरून ६ लाख १० हजारांपर्यंतची वाढ दरामुळे झाली, आणि तिथून ११ लाख ७० हजारांपर्यंतचे ५ लाख ६० हजार हे एका टनामागे ३४ किलो धातू जास्त जळाल्यामुळे आले. भाव वाढल्याने धातू जास्त जळत नाही. भट्टीत काहीतरी बदलले होते.

ते काय, हे मला भट्टीवर सांगितले गेले. स्लॅग काढणारा कामगार लांब दांड्याच्या कलथ्याने तवंग बाजूला ओढत होता. मी त्याला विचारले की अलीकडे काही वेगळे जाणवते का. तो म्हणाला, “साहेब, आधी एका हीटला दोन घमेली निघायची. आता चार भरत्यात.” शेजारी चार्जसाठी ठेवलेल्या ढिगात बिडाचे टर्निंग-बोरिंग होते, बारीक चुरा, कटिंग ऑइलने ओलसर आणि कडेने गंजलेला. मुठीत घेऊन सोडले की हाताला काळे तेल आणि वाळूचे कण चिकटून राहत होते. सुपरवायझर म्हणाला की असा माल क्रुसिबलमध्ये टाकला की धूर होतो, आणि ओल राहिली असेल तर धातू उडतेही. त्याने दोनदा तसे सांगितले होते.

खरेदी विभागाने मार्चपासून हा चुरा चांगल्या स्क्रॅपपेक्षा किलोला १० रुपये स्वस्त घेतला होता आणि नव्या धातूत त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेले होते. भाव भडकलेले असताना खरेदी अधिकाऱ्याने मार्ग शोधला, यात त्याचा हेतू वाईट नव्हता. पण हा मार्ग फायद्याचा ठरला की तोट्याचा हे तपासण्याची सोयच अहवालात उरली नव्हती, कारण दराची ओळ शून्य होती आणि वापराची ओळ कोणी वाचत नव्हते.

तफावत पुन्हा मांडली तेव्हा

मे महिन्याचा हिशेब आम्ही साध्य मानकावर पुन्हा मांडला. मूळ मानक १,०५९ किलो आणि ४२ रुपये, म्हणजे टनाला ४४,४७८ रुपये. प्रत्यक्षात १,०९४ किलो ५५ रुपयांनी, म्हणजे ६०,१७० रुपये. एकूण तफावत १५,६९२ रुपये प्रतिकूल. एवढ्या मोठ्या आकड्यात कोणाची किती जबाबदारी आहे हे पाहण्यासाठी आम्ही एक मधला दर घेतला: चांगल्या स्क्रॅपचे नेहमीचे मिश्रण त्या महिन्याच्या बाजारभावाने विकत घेतले असते तर किलोला ५७ रुपये पडले असते.

४२ वरून ५७ पर्यंतची वाढ १,०५९ किलोंवर १५,८८५ रुपये होते. ही नियोजनाची तफावत आहे. मार्च २०२१ मध्ये मानक दर ठरवणाऱ्याला युद्धाची कल्पना असणे शक्य नव्हते, आणि आज भट्टीवर किंवा खरेदीत काम करणाऱ्या कोणाच्याही हातात ती नाही. उरलेल्या दोन तफावती मात्र माणसांच्या हातातल्या आहेत. चुरा घेतल्यामुळे ५७ च्या जागी ५५ पडले, म्हणून १,०९४ किलोंवर २,१८८ रुपये वाचले. चुऱ्यामुळे ३५ किलो धातू जास्त जळाली, म्हणून ५७ च्या दराने १,९९५ रुपये गेले. या तिन्हींची बेरीज बरोबर १५,६९२ येते.

धातूवर चुऱ्याने टनाला १९३ रुपये वाचवले असे इथपर्यंत दिसते. पण जास्त स्लॅग वितळवायला, काढायला आणि त्यासाठी झाकण उघडे ठेवायला टन धातूमागे सुमारे २५ युनिट वीज जास्त जात होती. एक टन मालाला ते ३४४ रुपये. म्हणजे स्वस्त माल घेऊन टनाला १५१ रुपये तोटा, आणि तेल-गंजाच्या स्लॅगने सिलिकाचे अस्तर लवकर झिजत होते ते वेगळेच. रक्कम मोठी नाही, महिन्याला ४५ हजारांच्या आसपास. मला ती महत्त्वाची वाटली ती दुसऱ्या कारणाने: साडेसहा लाखांची बचत आणि त्याहून किंचित मोठे नुकसान शेजारीशेजारी तीन महिने चालू होते, आणि दोन्हींपैकी एकही कागदावर उमटलेले नव्हते. चुऱ्याचे प्रमाण ५ टक्क्यांवर आणले आणि तो वाळवून, शक्य तिथे ब्रिकेट करून, म्हणजे दाबून त्याच्या विटा करूनच घ्यायचे ठरले. खरेदी अधिकाऱ्याला मी आवर्जून सांगितले की दराची अनुकूल तफावत त्याच्या नावावर लिहिली जाईल, पण त्या मालामुळे झालेली घटही त्याच ओळीखाली येईल.

मानक दर केव्हा बदलायचा

हे झाल्यावर मालकांनी विचारले की मग मानक दर ४२ च ठेवायचा का, कारण ५५ च्या काळात ४२ चा आकडा पाहून काहीच निर्णय घेता येत नाही. प्रश्न रास्त होता. मानक दर बाजाराशी फार तुटला तर मालाचा साठा चुकीच्या किमतीने दिसतो आणि भाव सांगतानाही घोळ होतो. पण दर महिन्याला बिलामागे धावणे हा त्यावरचा उपाय नाही, आणि याच कारखान्याने एप्रिलमध्ये तसे केल्याचा आणखी एक परिणाम मला दिसला होता. एक एप्रिलला मानक दर ४२ वरून ५४ केला तेव्हा यार्डात १२० टन धातूचा साठा होता. संगणकाने तो नव्या दराने मोजला आणि महिन्याच्या नफ्यात १४ लाख ४० हजार रुपयांची भर दाखवली. तो साठा जुन्या दराच्या आसपासच विकत घेतलेला होता; त्यावर कोणी एक रुपयाही कमावला नव्हता. मानक बदलताना साठ्याच्या मूल्यात पडणारा फरक नफ्याच्या ओळीत न घेता वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि तो माल जसा वापरला जाईल तसा तिथून काढावा लागतो.

दराबाबत आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: बदल किती आहे, तो टिकेल का, आणि कारखान्याला त्याला उत्तर देता येते का. जूनमध्ये परिस्थिती अशी होती की २१ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने पिग आयर्न आणि पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावले होते आणि कोकवरचे आयात शुल्क काढले होते. बाहेर जाणारा माल देशात थांबला आणि भाव उतरू लागले. कारखान्याचा जूनचा दर ४९ वर आला. म्हणजे एप्रिल-मेचा दर हे शिखर होते. त्याला मानक करणे जितके चुकीचे, तितकेच २०२१ च्या मार्चमधल्या ४२ ला धरून बसणेही चुकीचे होते. आम्ही १ जुलैपासून ४८ रुपये हा दर ठरवला आणि नियम असा लिहून ठेवला की प्रत्यक्ष दर त्याच्यापासून १० टक्क्यांहून जास्त, सलग दोन महिने दूर राहिला तरच मधल्या काळात बदल करायचा; एरवी सहामाही फेरआढाव्यातच. जुलैमध्ये दर ४६ झाला. तो मर्यादेच्या आत होता, म्हणून मानक हलले नाही आणि २ रुपयांची अनुकूल तफावत दिसली, जी तशी दिसायलाच हवी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने निर्यात शुल्क मागे घेतले, तेव्हा पुन्हा मानक बदलण्याची मागणी झाली. नियम लेखी असल्यामुळे त्यावर वाद झाला नाही. १० टक्के हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. पिग आयर्नसारख्या अस्थिर मालाला तो योग्य वाटला, विजेसारख्या दर-आदेशाने ठरणाऱ्या खर्चाला तो लागू करू नये. तिथे दर बदलण्याची तारीख आधी कळते आणि मानक त्याच तारखेपासून बदलता येते.

गिऱ्हाइकांना सांगायचे भाव आम्ही यापासून तोडले. ट्रॅक्टर आणि पंप कंपन्यांशी असलेल्या करारांत कच्च्या मालाच्या दरातील फरक तिमाहीला भरून देण्याची सोय होती, म्हणून कोटेशनसाठी त्या महिन्याचा बाजारभाव वापरायचा आणि कारखान्याच्या आतील तफावतीसाठी मानक दर, असे ठरले. हे दोन दर एक करण्याचा मोह फार असतो, आणि एप्रिलमध्ये बिलामागे धावण्याचे मूळ कारणही हाच मोह होता.

साठ्याबद्दल एक गोष्ट सनदी लेखापालांच्या बाजूनेही उभी राहिली. साठ्याच्या मूल्यांकनासाठीच्या लेखा मानक २ नुसार मानक खर्च वापरायला परवानगी आहे, पण तो मालाच्या, श्रमाच्या, कार्यक्षमतेच्या आणि क्षमतेच्या वापराच्या नेहमीच्या पातळीवर बेतलेला असला पाहिजे आणि त्याचा नियमित फेरआढावा घेतला पाहिजे, शिवाय त्याचा निकाल प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ आला पाहिजे. शून्य रिजेक्शनचे मानक या कसोटीला उतरत नाही. त्याने ३१ मार्चचा साठा कमी किमतीचा दिसतो, कारण नेहमी होणारी घट मालाच्या खर्चाचाच भाग आहे.

आदर्श आकडा कुठे ठेवला

ब्रोशरचे आकडे आम्ही फेकून दिले नाहीत. मासिक अहवालातून ते काढले आणि तिमाहीला एकदा, देखभाल, मेटलर्जी आणि मोल्डिंग यांच्या बैठकीपुढे, साध्य आणि आदर्श यांच्यातील अंतर म्हणून ठेवले. तिथे ते उपयोगी पडतात, कारण तिथे प्रश्न ‘या महिन्यात कोण चुकले’ असा नसून ‘पद्धतीतच काय बदलता येईल’ असा असतो. टनाला २,९८२ रुपयांच्या अंतरापैकी वितळण घटीचा वाटा जवळपास निम्मा आहे हे त्या बैठकीत पहिल्यांदा सर्वांच्या लक्षात आले, आणि स्क्रॅपला पत्र्याची शेड घालण्याचा खर्च मंजूर झाला, जेणेकरून पावसाळ्यात चार्ज कोरडा राहील.

ऑक्टोबर २०२२ पर्यंत वीज टनाला ६२५ युनिटांच्या आसपास आणि वितळण घट ३.६ टक्क्यांवर आली. अहवालातील प्रतिकूल तफावत लहान झाली आणि म्हणूनच तिच्यातील प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारता येऊ लागला. डिसेंबरमध्ये पॅटर्न विभागाने काही मोठ्या भागांची रनर-रायझरची रचना बदलली आणि त्यांचे यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूपैकी कास्टिंगमध्ये राहणारा भाग, ६५ वरून ६७ टक्क्यांवर गेले. एक टन मालाला त्यामुळे सुमारे ४८ किलो द्रव धातू आणि ३० युनिट वीज कमी लागते. पहिल्या महिन्यात ही अनुकूल तफावत अहवालात भट्टी विभागाच्या ओळीत दिसली, आणि सुपरवायझरने स्वतःच येऊन सांगितले की हे काम त्याचे नाही. ती तफावत एका महिन्यासाठी पॅटर्न विभागाच्या नावावर लिहिली, आणि रचना बदलली त्या तारखेपासून त्या भागांचे मानक ६७ टक्के केले. बाकीच्या भागांचे ६५ च राहिले.